फोटोतली बॅट

शाळेच्या संघाचा फोटो निघताना एक मुलगा प्रतिस्पर्ध्याची बॅट बदलतो, अशी कथा लिहायची तर पहिली अडचण बॅटचीच येते. फलंदाज आपली बॅट हातात घेताच वजनावरून आणि मुठीवरून ओळखतो. म्हणून ती त्याच्या हातात असून चालणार नाही. जुन्या पद्धतीच्या संघफोटोंत दोन बॅटी पुढच्या रांगेसमोर फुलीसारख्या मांडतात. मांडणी झाली, मुलं कॅमेऱ्याकडे बघू लागली, की टोकाला बसलेल्या खोडकराला चार सेकंद पुरतात.

बदली बॅट कोणती, यावर गंमत ठरते. साधी दुसरी बॅट कुणाच्या लक्षातही येणार नाही. प्रतिस्पर्धी उंच, हॅरो मापाची बॅट वापरणारा असेल, तर तिच्या जागी पाचवीतल्या पोराची चार नंबरची बॅट हवी. शेजारच्या बॅटीपुढे तिचा आखूडपणा लगेच दिसतो.

वाचकाला हे आधीच माहीत असावं, असं मला ठामपणे वाटतं. मग फ्रेम मुख्याध्यापकांच्या खोलीत लागेपर्यंतचे दिवस हीच खरी कथा होते: पश्चात्ताप वाटला, तरी फोटो पुन्हा काढता येत नाही.