एक भाग, एक नाव, एक क्रमांक

गॅरेजमध्ये नट आवळताना कट्‌कट्‌ असा आवाज करणारा रॅचेट पाना आपण पाहिलेला असतो. आत दातेरी चाक असते. त्याच्या दात्यांत एक छोटा तुकडा अडकतो आणि चाक एकाच दिशेने फिरू देतो. त्या तुकड्याला पॉल म्हणतात. पॉल चाकावर दाबून धरायला मागे एखादी स्प्रिंग असते. समजा, एका जपानी कंपनीने अशा पान्यात सुधारणा केली आणि तिला भारतातही पेटंट हवे आहे. भारतीय पेटंट कार्यालयात कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागतात. आंतरराष्ट्रीय अर्जाच्या मार्गाने आल्यास पहिल्या अर्जापासून 31 महिन्यांच्या आत भारतात दाखल व्हावे लागते. त्यामुळे जपानी मजकुराचे इंग्रजी करणारा अनुवादक लागतो. पुण्यात जपानी आणि जर्मन शिकलेले अनेक जण हे काम करतात.

पेटंटच्या कागदपत्रांत वर्णन असते, आकृत्या असतात आणि शेवटी दावे असतात. कायदेशीर हक्क नेमका किती, हे दावे ठरवतात. जमिनीच्या मोजणी नकाशात हद्दीच्या खुणांना जे स्थान, तेच इथे दाव्यातल्या प्रत्येक शब्दाला.

आपल्या पान्याचे दावे, उदाहरणापुरते, असे धरू. दावा 1 : मुख्य भाग (10), त्यात फिरणारे दातेरी चाक (12), चाकाच्या दात्यांत अडकणारा पॉल (14) आणि पॉलला चाकाकडे ढकलणारा लवचिक घटक (16) असलेला पाना. दावा 2 : दावा 1 मधील पाना, ज्यात सदर पॉलला (14) दोन किंवा अधिक दाते आहेत. दावा 3 : दावा 1 किंवा 2 मधील पाना, ज्यात सदर लवचिक घटक (16) ही दाबाची कॉइल स्प्रिंग आहे. दावा 4 : दावा 1 ते 3 पैकी कोणत्याही एका दाव्यातील पाना, ज्यात सदर पॉलला (14) चाकापासून दूर सारणारी कळ (18) आहे.

पहिला दावा स्वतंत्र आहे, बाकीचे अवलंबी. अवलंबी दावा आधीच्या दाव्यातले सगळे स्वीकारतो आणि त्यात एखादी अट वाढवतो. म्हणून तो नेहमी अधिक अरुंद असतो. पहिला दावा न्यायालयात टिकला नाही, तरी तिसरा टिकू शकतो. ही मागची फळी मुद्दाम रचलेली असते.

आता क्रमांक 16 पाहा. जपानी मजकुरात पहिल्या दाव्यात ‘दान्सेइ बुझाइ’ आहे, म्हणजे लवचिक घटक. आकृतीत मात्र स्पष्टपणे स्प्रिंग काढलेली आहे. अनुवादकाच्या मनात येते की हा घटक म्हणजे स्प्रिंगच, मग सरळ ‘स्प्रिंग’ लिहू. वाक्य सुटसुटीत होते आणि हक्काची हद्द आत सरकते. उद्या एखाद्या स्पर्धकाने स्प्रिंगऐवजी रबराचा तुकडा बसवला, तर मूळ दाव्याने तो अडला असता. अनुवादित दाव्याने तो सुटण्याची शक्यता निर्माण होते. शिवाय दावा 1 आणि दावा 3 यांच्यातले अंतरही घटते. मूळ लेखकाने पहिल्या दाव्यात व्यापक शब्द आणि तिसऱ्यात नेमका शब्द ठेवला होता, तो याच अंतरासाठी.

ही भीती कल्पनेतली नाही. केस उपटण्याच्या ‘एपिलेडी’ या यंत्राच्या पेटंटमध्ये दाव्यात मळसूत्री स्प्रिंग म्हटले होते. रेमिंग्टनने तिच्या जागी चिरा पाडलेली रबराची कांडी वापरली. 1989 मध्ये इंग्लंडच्या पेटंट न्यायालयाने उल्लंघन झालेले नाही असा निकाल दिला, तर जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने उल्लंघन मानले. एकच युरोपीय पेटंट आणि निकाल दोन. तिथे अनुवादाची चूक नव्हती, दाव्यातला शब्दच मुळात तसा निवडला होता. पण ‘स्प्रिंग’ या शब्दात रबर बसते की नाही यावर किती मोठा वाद उभा राहू शकतो, हे त्यातून दिसते.

दुसरी गफलत पॉलबाबत होते. पहिल्या दाव्यात ‘पॉल’ आणि चौथ्यात ‘लॉकिंग मेंबर’ लिहिले, तर वाचणारा विचारतो की हे दोन वेगळे भाग आहेत का? आपल्याला शाळेत शिकवतात की तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका. दाव्यात ही सवय घातक ठरते. दोन्हीकडे 14 हा क्रमांक आहे म्हणून भागेल, असेही नाही. युरोपीय नियम सांगतो की कंसातला क्रमांक दावा समजायला मदत करतो, पण त्यावरून दाव्याची व्याप्ती आखडती धरायची नाही. वजन शब्दाचे आहे. आंतरराष्ट्रीय अर्जाचे नियमही संज्ञा आणि चिन्हे संपूर्ण अर्जात एकसारखी असावीत असे सांगतात. तसेच वर्णनात नसलेला क्रमांक आकृतीत येऊ नये आणि आकृतीत नसलेला वर्णनात येऊ नये, असेही त्यांत आहे.

तिसरी गोष्ट ‘सदर’ची. जपानीत ‘झेंकी’ म्हणजे आधी उल्लेखलेला. आपल्या खरेदीखतातला ‘सदर’ तो हाच. इंग्रजीत भाग प्रथम येताना ‘अ’ आणि नंतर ‘द’ लागतो. जपानीत आणि मराठीत अशी उपपदे नाहीत, त्यामुळे मराठी अनुवादकाला ती जाणीवपूर्वक तपासावी लागतात. चौथ्या दाव्यात चुकून ‘अ पॉल’ पडले, तर पान्यात दुसरा पॉल आल्यासारखे होते. उलट कळ (18) त्या दाव्यात पहिल्यांदाच येते, तिला ‘द’ लावले तर परीक्षक विचारतो, ही कुठली कळ? तसेच ‘पैकी कोणत्याही एका’ हे शब्द गाळले, तर चौथा दावा आधीच्या तिन्ही दाव्यांना एकाच वेळी जोडल्यासारखा वाचला जातो.

यावर उपाय साधा आहे, पण तो कामाच्या आधी सुरू करावा लागतो. अनुवादाला हात लावण्यापूर्वी तक्ता करायचा : क्रमांक, मूळ शब्द, ठरवलेला इंग्रजी शब्द आणि तो भाग प्रथम कोणत्या दाव्यात येतो. काम संपल्यावर उलटसुलट शोध घ्यायचा. प्रथम 14 शोधायचा आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या आधी ‘पॉल’च आहे का ते पाहायचे. मग ‘पॉल’ शोधायचा आणि त्याच्यापुढे 14च आहे का ते पाहायचे. एकाच बाजूने शोधले तर क्रमांक सुटलेली किंवा चुकीचा क्रमांक लागलेली जागा नजरेतून निसटते. शेवटी प्रत्येक ‘द’ घ्यायचा आणि तो दावा ज्या दाव्यांवर अवलंबून आहे, त्यांच्या साखळीत मागे जाऊन त्याचा ‘अ’ सापडतो का ते तपासायचे.

या तपासणीत कधी मूळ मजकुराचीच चूक हाती लागते. समजा, जपानी प्रतीतच एका जागी पॉलपुढे 16 छापला आहे. अनुवादकाने तो गुपचूप 14 करू नये. अनुवाद अचूक आणि पूर्ण असल्याची पडताळणी कार्यालयात द्यावी लागते, आणि बदललेली प्रत मुळाशी जुळत नाही. क्रमांक आहे तसा ठेवायचा आणि वेगळ्या टिपणात पेटंट वकिलाला कळवायचे. दुरुस्ती कशी मागायची ते वकील ठरवतो.

इतकी काळजी घ्यायचे कारण कायद्यातच आहे. चुकीच्या अनुवादामुळे दावा मुळापेक्षा रुंद झाला, तर आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य कराराच्या कलम 46 नुसार मंजूर पेटंटची व्याप्तीसुद्धा मागाहून छाटता येते. दावा अरुंद झाला तर मात्र हे कलम मदतीला येत नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 59 प्रमाणे सुधारित दावा सुधारणेपूर्वीच्या दाव्याच्या व्याप्तीत पूर्णपणे बसावा लागतो. म्हणून ‘लवचिक घटका’ची एकदा ‘स्प्रिंग’ झाली, की ती केवळ अनुवादाची चूक होती हे पटवण्याचा भार अर्जदारावर येतो. ते पटले नाही, तर 20 वर्षांच्या पेटंटमधला रबराचा वाटा तो गमावून बसतो.