जिभेस न कळणारा दोष

अकोला-अमरावतीकडील खारपाण पट्ट्यांत पाण्याची परीक्षा कोणास शिकवावी लागत नाहीं; पहिल्या घोटासच जीभ निवाडा देते. परंतु पाण्यांत फ्लोराइड असेल तर तीच जीभ फसते, कारण त्यास ना चव, ना रंग, ना वास. आपल्याच वऱ्हाडांत, यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा व झरी जामणी भागांत, अनेक गांवांच्या पाण्यांत हा दोष आढळला आहे.

तो येतो खडकांतून. कांहीं खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजें असतात. पाणी त्यांच्या सहवासांत जितकें अधिक काळ राहील, तितकें फ्लोराइड त्यांत अधिक उतरतें. त्यांतून पाण्यांतील चुन्याचा अंश घटून सोड्याचा वाढला, तर तें अधिकच विरघळतें. म्हणून एकाच गांवांत उथळ विहीर निर्दोष आणि शेजारची खोल बोअर सदोष, असें घडूं शकतें.

पिण्याच्या पाण्यांत लिटरास १ मिलिग्रॅम हें आपल्या देशांतील मानक आहे; दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. याहून अधिक फ्लोराइड बाळपणीं पोटांत गेल्यास पक्के दांत येतांनाच त्यांवर खडूसारखे पांढरे, क्वचित् पुढें तपकिरी होणारे पट्टे दिसतात. ते घांसून जात नाहींत. बरेंच अधिक प्रमाण वर्षानुवर्षें पोटांत गेलें, तर मान व पाठ ताठरते, आणि मग औषधानें हाडें पूर्ववत् होत नाहींत.

पाणी उकळून हा दोष जात नाहीं. उलट पाणी आटतें व तो दाटतो. म्हणून गांवानें प्रथम प्रत्येक विहीर व बोअर यांचें पाणी वेगवेगळें तपासून घ्यावें आणि सदोष बोअरवर तशी खूण करावी. तिचें पाणी धुण्यास चालेल; पिण्यास व स्वयंपाकास मात्र निर्दोष विहिरीचेंच घ्यावें. तें अपुरें पडल्यास मिश्रणाचें गणित करावें. समजा, बोअरच्या पाण्यांत ३ व विहिरीच्या पाण्यांत ०.४ मिलिग्रॅम आहे. दोन्ही समभाग मिसळल्यास १.७ येतें, तें चालणार नाहीं. बोअरची एक घागर व विहिरीच्या चार घेतल्यास सुमारें ०.९ येतें, तें चालेल. उथळ विहिरीस जंतूंचें भय असतें, म्हणून कठडा व ब्लीचिंग पावडर हवीच.

विहीरच नसेल तर नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेची नलगोंडा पद्धत आहे. पाण्यांत चुना व तुरटी घालून सुमारें दहा मिनिटें मंद ढवळावें, तासभर निवळूं द्यावें, आणि तळचा गाळ न हलवितां वरचें पाणी काढून घ्यावें. तुरटीची मात्रा मात्र त्या त्या पाण्याच्या तपासणीवरूनच ठरवावी लागते: कमी पडल्यास दोष उरतो, जास्त झाल्यास पाणी आंबट होऊन तुरटीचा अंश त्यांत राहतो. गाळांत फ्लोराइड एकवटलेलें असतें. तो विहिरीजवळ ओतूं नये. आणि पाणी नितळ दिसलें म्हणून निश्चिंत न होतां तें पुन्हां तपासावें. कारण येथें डोळाहि जिभेइतकाच फसतो.