‘लोगो जरा मोठा करा ना!’

पाकिटाचं डिझाइन छपाईला जायच्या बेतात असतं आणि निरोप येतो, “छान झालंय, पण लोगो जरा मोठा करा. आणि अजून दोन-तीन रंग टाका, उठाव येत नाहीये.” ग्राफिक डिझाइनच्या धंद्यात हा निरोप रोजचा आहे. त्याला काय उत्तर द्यायचं, यावर पुढचं सगळं काम अवलंबून असतं. मुकाट्याने लोगो ताणून देणारे पुष्कळ असतात, तडकाफडकी नकार देणारेही असतात. दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते. गिऱ्हाइकाने सांगितलेला उपाय चुकीचा असू शकतो, पण त्याची तक्रार बहुतेक वेळा खरी असते.

नकाराचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९८६ साली स्टीव्ह जॉब्झ यांनी ‘नेक्स्ट’ या आपल्या नव्या कंपनीसाठी पॉल रँड यांच्याकडून एक लाख डॉलरला लोगो करून घेतला. त्यातल्या एका अक्षराचा पिवळा अधिक उजळ असावा, असं जॉब्झ यांचं म्हणणं पडलं. रँड यांनी टेबलावर मूठ आपटली, पन्नास वर्षांच्या अनुभवाचा दाखला दिला आणि रंग तसाच राहिला, असं जॉब्झ यांच्या चरित्रात वॉल्टर आयझॅक्सन लिहितात. पण याच रँड यांनी लोगोसोबत एक पुस्तिकाही दिली होती आणि तिच्यात आपला विचार पायरीपायरीने उलगडून दाखवला होता. अनुकरण करायचं तर त्या पुस्तिकेचं करावं.

आता आपल्याकडचं एक नमुन्याचं काम घेऊ. समजा, नाशिकच्या एक ताई घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करतात. त्यांच्या गोडा मसाल्याच्या २०० ग्रॅमच्या पाउचचं डिझाइन पुण्यातला एक डिझायनर करतो आहे. पाउचची पुढची बाजू १३ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच. वर ५ बाय ३ सेंटिमीटरचा लाल लोगो, मागे गडद केशरी रंग, खाली ‘गोडा मसाला’ ही अक्षरं आणि त्याखाली मसाल्याचा फोटो. पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाते, ताई ती मोबाइलवर उघडतात. त्या पडद्यावर पाउच साधारण निम्म्या रुंदीचा दिसतो, म्हणजे लोगोचं क्षेत्रफळ पावपट उरतं. तो छोटा वाटला, यात ताईंची काही चूक नाही.

चांगला डिझायनर उत्तर लिहिण्याआधी दोन गोष्टी करतो. डिझाइनची मूळ मापातली प्रिंट काढतो आणि एक प्रत पूर्ण काळीपांढरी करून बघतो. ही दुसरी तपासणी फार बोलकी असते. रंग काढून टाकले की उजेड-अंधाराचा फरक तेवढा उरतो, आणि लांबून वाचताना डोळा मुख्यतः त्याच फरकावर विसंबतो. इथे लाल आणि गडद केशरी जवळजवळ एकाच करड्या छटेत मिसळलेले दिसतात. म्हणजे लोगोचा आकार पुरेसा आहे, तो मागच्या रंगात बुडाला आहे. मग उत्तर असं जातं:

“ताई, नमस्कार. उठाव कमी आहे हे तुमचं म्हणणं मी तपासून पाहिलं, ते बरोबर आहे. लाल लोगो मागच्या केशरीत हरवतोय. सोबत तीन फाइली पाठवतोय. ‘अ’ म्हणजे आधीचं डिझाइन. ‘ब’मध्ये लोगोचं माप तेच ठेवून मागचा रंग फिकट बदामी केलाय. ‘क’मध्ये तुम्ही म्हणालात तसा लोगो सव्वापट मोठा केलाय. कृपया मोबाइलवर ठरवू नका. तिन्हींच्या रंगीत प्रिंट मूळ मापात काढा, ‘फिट टू पेज’ नको. जुन्या पाकिटांवर चिकटवून दुकानात इतर मसाल्यांच्या शेजारी ठेवा आणि पाच-सहा फुटांवरून बघा. सोनेरी रंगासाठी खरी सोनेरी शाई घेतली तर एक सिलिंडर वाढेल, त्याचा खर्च प्रिंटरला विचारून शुक्रवारपर्यंत कळवतो. तोवर ‘ब’मध्ये मोहरी-पिवळा वापरून पाहिलाय, त्याला जादा सिलिंडर लागत नाही. बघून सांगा, तुम्ही ठरवाल ते पक्कं करू.”

या उत्तरात गोड शब्द फारसे नाहीत. त्याची सभ्यता आहे ती केलेल्या कामात. तक्रार मान्य केली आहे, कारण शोधलं आहे आणि ताईंनी मागितलेलंही करून दिलं आहे. ‘क’ मुद्दाम वाईट करून पाठवणारे काही जण असतात. ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. ‘क’सुद्धा जमेल तितका चांगलाच करायला हवा, कारण कधी कधी तोच बरोबर निघतो.

सव्वापट हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो. ५ बाय ३चा लोगो सव्वासहा बाय पावणेचार होतो आणि १५ चौरस सेंटिमीटरऐवजी २३च्या वर जागा घेतो, म्हणजे दीडपटीहूनही जास्त. ही जागा कुणाची तरी जाणार. वजनाच्या आकड्याभोवतीची घेता येत नाही. पाकीटबंद मालाच्या नियमांनुसार त्या आकड्याच्या वर-खाली किमान त्याच्या उंचीइतकी आणि दोन्ही बाजूंना दुप्पट जागा कोरी ठेवावी लागते. शाकाहारी मालाचं हिरवं चिन्हही हलत नाही. उरतात फोटो आणि ‘गोडा मसाला’ ही अक्षरं. ब्रँड नवा असताना गिऱ्हाईक आधी मालाचं नाव शोधतं, तेच बारीक झालं तर मोठ्या लोगोचा उपयोग होत नाही.

रंगांचं गणित थोडं वेगळं आहे. पाउचच्या फिल्मवर मोठी छपाई बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने होते आणि तिच्यात प्रत्येक शाईला स्वतंत्र कोरीव सिलिंडर लागतो. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाया, शिवाय पारदर्शक फिल्मवर खालचा पांढरा, असे पाच झाले. या चार शायांच्या मिश्रणातून जितक्या छटा निघतात त्यांना वेगळा सिलिंडर लागत नाही. त्यामुळे ‘रंग वाढला की खर्च वाढतो’ असं सरसकट सांगणं खोटं आहे. खर्च वाढतो तो सोनेरीसारख्या खास शाईने. बारीक अक्षरं मात्र मिश्रणाच्या रंगात देऊ नयेत. छपाईत एक शाई किंचित सरकली तरी मात्रा-वेलांट्यांच्या कडेला रंगीत छाया दिसते. नाव शक्यतो एकाच शाईत ठेवलेलं बरं.

एका रंगाचा लोगो दुबळा असतो, ही भीतीही निराधार आहे. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ शेखर कामत यांनी १९७१मध्ये केलं. पासबुकापासून शाखेच्या पाटीपर्यंत ते ओळखू येतं. ॲपलनेही १९७७चे सहा रंगी पट्टे १९९८मध्ये सोडून दिले.

तरीही दुकानातल्या फळीवर ‘ब’मधलं नाव वाचता आलं नाही, तर लोगो मोठा करायलाच हवा. अक्षरं नाजूक असतील, शिरोरेषा बारीक असेल, तर नुसता मागचा रंग बदलून भागत नाही. तेव्हा डिझायनरने ‘क’ पुढे न्यावा आणि फोटो लहान करावा.

व्यवसाय करणाऱ्या वाचकांना एकच विनंती. डिझाइन आलं की ते कुठे, किती अंतरावरून पाहिलं आणि काय वाचता आलं नाही, एवढं डिझायनरला कळवा. लोगो वाढवायचा की मागचा रंग बदलायचा, हे त्याला मग ठरवता येईल.