वारस दाखला आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र

मृत्युपत्र न करता माणूस गेला की त्याच्या मालमत्तेबाबत दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. त्याचे कायदेशीर वारस कोण, हा पहिला. त्याचे येणे ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते कोणाच्या हाती दिले म्हणजे त्यांची जबाबदारी संपते, हा दुसरा. वारस दाखला पहिल्या प्रश्नासाठी आहे, उत्तराधिकार प्रमाणपत्र दुसऱ्यासाठी. न्यायालयात आणि बँकेत या दुसऱ्या कागदाला सर्रास सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. दोन्ही अर्ज बहुधा एकाच इमारतीत होतात, कागदपत्रेही बरीचशी तीच लागतात, त्यामुळे घोटाळा होणे साहजिक आहे.

महाराष्ट्रात वारस दाखल्याचा आधार आहे १८२७चा मुंबई रेग्युलेशन क्रमांक ८. कंपनी सरकारच्या काळातला हा कायदा आजही लागू आहे. तमिळनाडू किंवा कर्नाटकात असा दाखला तहसीलदार देतो आणि इंटरनेटवरची बरीच माहिती तिकडचीच असते. ती वाचून इकडचे लोक तहसील कचेरीत चकरा मारतात. महाराष्ट्रात मालमत्तेच्या कामाला चालणारा वारस दाखला दिवाणी न्यायालयाकडून मिळतो. अर्ज आल्यावर न्यायालय जाहीरनामा काढते, हरकतींसाठी एक महिन्याची मुदत देते आणि कोणी पुढे आले नाही तर अर्जदारांना वारस म्हणून मान्यता देते. दाखल्याने मालकी मिळत नाही, असे हा कायदा स्वतःच सांगतो. मालमत्तेचा कारभार सध्या कोणी पाहायचा एवढेच त्यातून ठरते. खऱ्या हक्कदाराला पुढे दावा लावण्याची वाट मोकळी राहते.

उत्तराधिकार प्रमाणपत्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खाली मिळते आणि त्याचा आवाका दोनच गोष्टींपुरता आहे: मृताची येणी आणि त्याचे रोखे. बँकेतली ठेव हे कायद्याच्या नजरेत बँकेकडून असलेले येणेच. शेअर, कर्जरोखे, उसनवार दिलेले पैसे हेही त्यात येतात. घर, फ्लॅट, शेतजमीन मात्र येत नाही. प्रमाणपत्रात प्रत्येक ठेव, प्रत्येक शेअर संख्येसह नमूद असतो आणि जे नमूद नाही त्याला ते लागू होत नाही. कोर्ट फी त्या रकमेच्या प्रमाणात आकारली जाते. हा खर्च कशासाठी, हे कलम ३८१ वाचले की कळते. प्रमाणपत्रधारकाला सद्भावनेने पैसे देणाऱ्याला पूर्ण संरक्षण आहे. उद्या दुसरा वारस उभा राहिला तरी बँकेला पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. थोडक्यात, हा कागद मिळवतो वारस, पण तो मुख्यतः देणेकऱ्याच्या सोयीचा आहे. त्या येण्यासाठी न्यायालयात हुकूमनामा हवा असेल तरीही कलम २१४ प्रमाणे असे प्रमाणपत्र लागते. मुंबई रेग्युलेशनखालच्या दाखल्यात ते येणे स्पष्ट लिहिलेले असेल तर तोही या कलमाला चालतो, पण नुसती वारसांची नावे असलेला दाखला नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यात राहणारे एक हिंदू गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि वृद्ध आई-वडील. स्वकमाईची मालमत्ता अशी: राष्ट्रीयीकृत बँकेत २२ लाखांची ठेव, काही शेअर, सोसायटीतला फ्लॅट आणि साताऱ्याजवळ विकत घेतलेली थोडी शेती. ठेवीला नॉमिनी नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई या चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा. वडील दुसऱ्या वर्गात येतात, म्हणून त्यांना इथे काही नाही. नेमके आईचे नाव अर्जात गाळले जाते, कारण घरात तिला कोणी ‘वारस’ म्हणून मोजत नाही. असे वगळणे पुढे महागात पडते: महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून प्रमाणपत्र रद्द होऊ शकते.

ठेवीपासून सुरुवात करू. लहान रकमांसाठी बँका प्रमाणपत्राचा आग्रह धरत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसलेल्या खात्यात व्यापारी बँकांसाठी किमान १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांसाठी ५ लाखांपर्यंत सोप्या कागदपत्रांवर रक्कम द्यायची आहे. २२ लाख या मर्यादेबाहेर आहेत. बँकेला वारस दाखला पुरणार असेल तर ते आधीच लेखी विचारून घ्यावे. पुरणार नसेल, तर मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या, म्हणजे पुण्याच्या न्यायालयात उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज करायचा. अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण, सगळे जवळचे नातेवाईक आणि ठेवी-शेअरची यादी द्यावी लागते. वारसांना नोटिसा जातात, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघते, हरकत नसेल तर शपथपत्रावर पुरावा होतो. मुलगा, मुलगी आणि आई यांनी संमती दिली तर प्रमाणपत्र पत्नीच्या एकटीच्या नावे निघू शकते. पण ती पैसे सगळ्यांच्या वतीने घेते. तिचा स्वतःचा हिस्सा पावच राहतो. या सुनावणीत हक्काबद्दल काही ठरले तरी त्यावर पुढे स्वतंत्र दावा लावता येतो. एखादी ठेवपावती नंतर कपाटात सापडली, तर नवा अर्ज न करता त्याच प्रमाणपत्रात वाढ मागता येते. हे प्रमाणपत्र भारतभर चालते.

फ्लॅटसाठी हा कागद काढण्याची गरज नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ नुसार सोसायटी मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांपैकी कशाच्याही आधारे सभासदत्व पुढे देऊ शकते. नॉमिनी असेल तर तो वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. फ्लॅट विकायचा म्हटला की खरेदीदाराचा वकील आणि गृहकर्ज देणारी बँक बहुधा न्यायालयाचा वारस दाखलाच मागतात. म्हणून या कुटुंबाने दोन्ही अर्ज एकाच वेळी करणे शहाणपणाचे. शेतीसाठी आधी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची. वारसांची नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये, मग फेरफार म्हणून नमुना ६ मध्ये होते, मंडळ अधिकारी ती मंजूर करतो आणि नावे सातबाऱ्यावर येतात. भावंडांत वाद असेल तर तलाठी तो सोडवत नाही. मग दिवाणी दावा करावा लागतो.

शेअरच्या बाबतीत नॉमिनी असला तरी गोंधळ राहतो, कारण ‘नॉमिनी म्हणजे मालक’ हा समज फार पक्का आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कंपनीच्या शेअरचा नॉमिनी मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदाच लागू राहतो. नॉमिनी असल्याने शेअर हस्तांतर लवकर होते आणि प्रमाणपत्राचा खर्च वाचतो, पण बाकीच्या वारसांना हिस्सा देण्याची जबाबदारी नॉमिनीवर राहते.

गोव्यातली वाट निराळी आहे. तिथे २०१२च्या स्वतंत्र वारसा कायद्याखाली विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त होतो आणि वाटणीसाठी न्यायालयात इन्व्हेंटरी चालते. कोकणात घर आणि पणजीत फ्लॅट असलेल्या कुटुंबाला त्यामुळे दोन राज्यांत दोन वेगळ्या प्रक्रिया कराव्या लागतात.