एका खणाचे दोन दावेदार

हॅश टेबलमध्ये शोधाशोध नसते, हिशेब असतो. समजा, ० ते ७ असे आठ खण आहेत. आलेल्या आकड्याला ८ने भागायचं आणि उरेल ती बाकी म्हणजे त्याचा खण. १० आला, बाकी २. मग १८ आला, त्याचीही बाकी २. झाली टक्कर.

यावर आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५३मध्ये साखळी सुचवली. खण २मध्ये १०च्या मागे १८ जोडायचा, पुढे २६ आला तर तोही तिथेच. शेजारच्या खणांना त्याची झळ लागत नाही. मात्र प्रत्येक कडीला पुढच्या कडीचा पत्ता बाळगावा लागतो आणि कड्या मेमरीत विखुरलेल्या असतात.

दुसरी रीत ओपन अ‍ॅड्रेसिंगची. इथे साखळी नाही. आपला खण भरलेला दिसला की पुढचा रिकामा खण धरायचा. म्हणून १८ जातो खण ३मध्ये. मग ११ येतो. त्याचा हक्काचा खण ३च, पण तो गेलेला, त्यामुळे ११ला ४वर समाधान मानावं लागतं. आता २६ आला तर २, ३, ४ असे तीन खण चाचपून तो ५मध्ये बसेल. गर्दीला गर्दी चिकटते ती अशी. तरीही शेजारचे खण मेमरीत सलग असल्याने टेबल विरळ असेपर्यंत ही रीत फार चपळ असते.

तिची खरी खोच पुसण्यात आहे. १८ काढून खण ३ रिकामा ठेवला, की ११ शोधणारा तिथेच थांबतो आणि ‘११ नाही’ असं बेधडक सांगतो, ११ मात्र ४मध्ये बसलेला. म्हणून पुसलेल्या जागी ‘इथे कुणी तरी होतं’ अशी खूण ठेवतात. अशा खुणाही जागा अडवतात, त्यामुळे भरलेपण मोजताना त्या धरायलाच हव्यात.

टेबल कधी वाढवायचा? शेजारचा खण धरण्याच्या रीतीत, नसलेली नोंद शोधताना अर्ध्या भरलेल्या टेबलात सरासरी २.५ खण पाहावे लागतात, पाऊण भरल्यावर ८.५ आणि ९० टक्के भरल्यावर तब्बल ५०.५. साखळीचं टेबल तेवढंच भरलं तरी सरासरी साखळी एका नोंदीच्याही आतच राहते. म्हणूनच पायथॉनची डिक्शनरी, जी ओपन अ‍ॅड्रेसिंग वापरते, दोन तृतीयांशावर वाढते, तर जावाचा साखळीवाला `HashMap` पाऊण भरेपर्यंत थांबतो.

वाढवणं म्हणजे नुसते खण जोडणं नव्हे. ८चे १६ झाले की बाकी बदलते, म्हणून प्रत्येक नोंदीची जागा नव्याने ठरते: १८ खण २मध्येच राहतो, १० आणि २६ मात्र खण १०मध्ये पुन्हा भिडतात. हे काम वारंवार करावं लागू नये, म्हणून खण दुप्पट करतात.

नोंदी किती येणार हे आधीच ठाऊक असेल, तर जावात एक काळजी घ्या. १०० नोंदींसाठी `new HashMap<>(100)` लिहिलं तर १२८ खण मिळतात, त्यांचे पाऊण होतात ९६, आणि ९७वी नोंद येताच सारी हलवाहलव होते. त्याऐवजी १३४ मागा.