चोखा, चोख्या आणि चोखोबा

देऊळगांव राजा तालुक्यांतील मेहुणा राजा हें गांव संत चोखामेळ्यांचें जन्मस्थान म्हणून आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत मानलें जातें. चोखा, चोख्या, चोखोबा हीं नांवें एकाच शब्दाचीं; पण मराठी कानाला त्यांत तीन निरनिराळ्या वागणुकी ऐकूं येतात. जुने कागद वाचणारास हा भेद उमगला नाहीं तर जेथें माया आहे तेथें तुच्छता वाचली जाते.

संस्कृतांतील 'क' प्रत्यय अनुकंपा व कुत्सा या दोन्ही अर्थीं येतो, हें पाणिनीनें नोंदलेंच आहे. मराठी 'या'चेंही तसेंच. आईनें मुलाला 'चोख्या' म्हटलें तर तो लाड, सोबत्यानें म्हटलें तर सलगी. पाटलानें वयानें वडील अशा वेठीच्या माणसाला म्हटलें तर अपमान. जनाबाई प्रत्यक्ष देवालाच 'विठ्या' म्हणते, तो हक्काचा राग. क्रियापदाचीही खूण आहे. 'चोख्या आले' असें कोणी बोलणार नाहीं. 'चोखोबा आले' हेंच सरळ. 'चोखोबा आला' म्हटलें कीं वाघोबा-चांदोबाचा बालगोष्टींतला सूर लागतो, आणि प्रौढाविषयीं ती थट्टा होते. (सिंदखेड राजाच्या जिजाऊंच्या नांवांतील 'ऊ' कानाला चिऊ-माऊंतल्यासारखाच, तथापि 'जिजाऊ आल्या' या आदरार्थी बहुवचनानें त्यांत पोरकटपणा उरत नाहीं.)

खरी फसगत विभक्तिरूपांत होते. घोडा, घोड्यास, तसेंच चोखा, चोख्यास. म्हणून कागदांत 'चोख्यास' आढळलें एवढ्यावरून लेखकानें त्या माणसाला 'चोख्या' म्हणून हिणवलें असें ठरत नाहीं. त्यासाठीं प्रथमेचें रूप सांपडलें पाहिजे. सोयराबाई आपली मुद्रा 'चोखयाची महारी' अशी घालतात, जनाबाई स्वतःला 'नामयाची' म्हणवितात. हें तेंच सामान्यरूप असून त्यांत अनादराचा लेशही नाहीं.

एखाद्या प्रतींत मात्र मुद्रेच्या जागीं 'चोख्याची' असा पाठ दिसल्यास अक्षरें मोजावीं. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा. 'चोखयाची' हीं चार अक्षरें, 'चोख्याची' हीं तीन. चरण एका अक्षरानें तोकडा पडत असेल, तर तो संकोच नकलकाराच्या बोलीचा, कवयित्रीचा नव्हे. अर्थात् गाणारा अक्षर ओढून चरण भरतो, तेव्हां एकाच स्थळावर भिस्त ठेवूं नये. त्याच प्रतींतील इतर अभंग ताडून पाहावे.

गद्य कागदांत ही सोय नाहीं. तेथें एकाच यादींतील शेजारचीं नांवें पाहावीं. कांहीं जण प्रथमेंत 'जी' किंवा 'पंत' लावून आणि उरलेले नुसते 'या' लावून लिहिलेले असतील, तर तो लाडही नव्हे आणि व्याकरणही नव्हे. ती लिहिणारानें लावलेली पायरी आहे.