एक तक्रार, चार कारणं

शनिवारी सकाळी अकराची वेळ घेऊन एक ग्राहक सलूनमध्ये येते. दुसऱ्या दिवशी भाचीचं लग्न आहे, केसांना रंग लावून घ्यायचाय. खुर्चीत बसायला पावणेबारा होतात आणि घरी परतायला अडीच. बिल देताना ती म्हणते, ‘‘अकराची वेळ दिली होती ना तुम्ही? माझा अख्खा दिवस गेला.’’ काउंटरवरची मुलगी ‘‘सॉरी मॅडम, आज शनिवार आहे ना’’ म्हणते आणि विषय तिथंच संपतो.

चूक नक्की कुठं झाली, हे मात्र या संवादातून कळत नाही. बीकॉम, बीबीए आणि एमबीएच्या परीक्षेत सेवा विपणनाच्या पेपरात हमखास विचारलं जाणारं ‘गॅप मॉडेल’ नेमकं हेच शोधायला शिकवतं. ए. परसुरामन, व्हॅलरी झाइटहॅमल आणि लिओनार्ड बेरी या तीन अभ्यासकांनी ते १९८५ मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये मांडलं. त्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या बँकिंग, क्रेडिट कार्ड, शेअर दलाली आणि वस्तूंची दुरुस्ती या चार सेवांमधल्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि ग्राहकांच्या गटांशी चर्चा केल्या. ग्राहकाची नाराजी काउंटरवर दिसते, पण तिचं मूळ बहुतेक वेळा काउंटरच्या मागं असतं, असं त्यांना आढळलं. ते मूळ चार ठिकाणी असू शकतं. या चार तफावती सेवा देणाऱ्याच्या बाजूला असतात. पाचवी ग्राहकाच्या मनात असते आणि ती या चारांतूनच तयार होते.

या सलूनची कहाणी उदाहरणापुरती रचलेली आहे. तक्रार तीच ठेवून कारण बदलत गेलं, की मॉडेल आपोआप उलगडतं.

समजा, मालकाला वाटतं की लोक आपल्याकडे थंडगार एसी, नव्या खुर्च्या आणि नामांकित कंपनीचा रंग यांसाठी येतात. म्हणून त्यानं यंदा सगळा पैसा सजावटीत घातला. ग्राहकांना हवंय वेगळंच: दिलेल्या वेळेला काम सुरू व्हावं आणि किती पैसे होतील ते आधी कळावं. काउंटरवरची मुलगी हे रोज ऐकते, पण मालक आठवड्यातून एकदा हिशोब बघायला येतो आणि तिला कुणी काही विचारत नाही. ग्राहकाची अपेक्षा आणि व्यवस्थापनाला वाटणारी ग्राहकाची अपेक्षा यांतलं हे अंतर म्हणजे पहिला गॅप. खालची माहिती वर न पोचणं आणि ग्राहकांना विचारणाच न होणं, ही त्याची नेहमीची कारणं.

आता समजा, मालकाला सगळं ठाऊक आहे. लोक ताटकळतात, चिडतात, हे त्यानं स्वतः पाहिलंय. पण वही उघडली तर प्रत्येक कामाला सरसकट अर्धा तास लिहिलेला. साध्या हेअरकटला तो पुरतो. रंगाचं काम वेगळं. केसांचे भाग पाडून रंग लावायचा, तो मुरायला साधारण अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग धुणं आणि वाळवणं. लांब केसांना दोन तास सहज जातात. अकराला रंग आणि साडेअकराला त्याच खुर्चीवर दुसरी ग्राहक, अशी वही भरली की पुढचा सगळा दिवस कोलमडणारच. मालकाचं म्हणणं असतं, ‘‘शनिवारी हे असंच चालायचं.’’ अपेक्षा कळली, पण तिचं नियमात रूपांतर झालं नाही. हा दुसरा गॅप. ‘हे करणं शक्यच नाही’ हा व्यवस्थापनाचा समज त्यामागचं एक मोठं कारण असल्याचं या अभ्यासकांनीही नोंदवलंय.

तिसऱ्या प्रसंगात नियमही आहे. रंगासाठी दोन तास राखून ठेवायचे, त्या वेळेत त्या खुर्चीवर दुसरं कुणी घ्यायचं नाही, असं भिंतीवर लावलेलं आहे. पण शनिवारी चारपैकी दोन कारागीर सुट्टीवर. त्यात पावणेअकराला एक जुनी ग्राहक वेळ न घेताच आली आणि ‘‘फक्त पुढचे केस नीट कर’’ म्हणत बसली. कारागिराला प्रत्येक कामामागं कमिशन मिळतं. तो तिला नाही कशाला म्हणेल? नियम आणि प्रत्यक्ष काम यांतली ही तफावत म्हणजे तिसरा गॅप. याचं खापर सहसा कारागिराच्या आळसावर फोडलं जातं, ते अन्यायाचं आहे. माणसं कमी आणि नियम मोडला तर कमाई जास्त, अशी व्यवस्था मालकानंच केलेली असते.

चौथ्या प्रसंगात काम नियमाप्रमाणे झालं. अकराला सुरू, एकला पूर्ण. तरीही ग्राहक नाराज, कारण सलूनच्या इन्स्टाग्रामवर ‘एका तासात नवा लूक, फक्त १,४९९ रुपयांत’ असं लिहिलं होतं. तो दर खांद्यापर्यंतच्या केसांचा, हे जाहिरातीत नव्हतं. जाहिरात करणाऱ्यानं कारागिराला विचारलं नाही आणि कारागिरानं ती जाहिरात पाहिलीच नाही. दिलेली सेवा आणि बाहेर सांगितलेली सेवा यांतलं अंतर हा चौथा गॅप. इथं सेवा खालावलेली नाही, अपेक्षाच फुगवलेली आहे.

पाचवा गॅप म्हणजे ग्राहकाची अपेक्षा आणि तिला जाणवलेली सेवा यांतलं अंतर. अपेक्षा मैत्रिणींच्या सांगण्यातून, आधीच्या अनुभवातून आणि त्या दिवसाच्या गरजेतून घडते. लग्नाच्या आदल्या दिवशी पाऊण तासाचा उशीर जेवढा टोचतो, तेवढा एरवी टोचला नसता. हे अंतर मोजण्यासाठी याच तिघांनी १९८८ मध्ये ‘सर्व्हक्वाल’ ही २२ विधानांची प्रश्नावली दिली. ग्राहक प्रत्येक बाबीला आधी अपेक्षेचा आणि मग अनुभवाचा गुण देतो; अनुभवातून अपेक्षा वजा करायची. वेळ पाळण्याबाबत अपेक्षा ७ आणि अनुभव ३ असेल, तर उत्तर उणे ४. या पद्धतीवर आक्षेपही आहेत. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये अपेक्षा वेगळी मोजण्याची गरजच नाही, अनुभव मोजला की पुरे, असं मांडलं.

विद्यार्थी सर्वाधिक गोंधळतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या गॅपमध्ये. तिथं एकच प्रश्न विचारायचा: नियम होता का? नव्हता किंवा चुकीचा होता, तर दुसरा; होता पण पाळला गेला नाही, तर तिसरा. पाचव्याला ‘आणखी एक कारण’ म्हणून लिहिणं ही दुसरी नेहमीची चूक. आकृती काढताना पाचवा गॅप वरच्या, ग्राहकाच्या भागात दाखवायचा आणि बाकीचे चार आडव्या तुटक रेषेच्या खाली किंवा तिला छेदून जाणारे.

केस स्टडीत प्रश्न फिरवूनही येतो: ‘सलूननं दोन कारागीर वाढवले, तरी शनिवारच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत. का?’ माणसं वाढवणं हा तिसऱ्या गॅपवरचा इलाज. वहीत रंगाला अजून अर्धाच तास लिहिला जात असेल, तर तक्रारी दुसऱ्या गॅपमधून येताहेत आणि नवे दोघंही त्याच वहीप्रमाणे उशिरा पडत राहतात.